चोवीस पेट्यांचा हिशेब

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एक यादी फिरायला लागते. ‘ए-३०२ : दोन डझन. बी-१०४ : एक डझन. सी-५०१ : अख्खी पेटी.’ ज्याला आंबे हवेत त्याने यादी उचलायची, खाली आपलं नाव जोडायचं आणि परत गटावर टाकायची. पहिल्या वर्षी मीही याच पद्धतीने नावं घेतली आणि गाडी आली त्या सकाळी चौथ्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचं नाव यादीतच नव्हतं. झालं असं होतं की त्यांनी आणि आणखी एकाने एकाच वेळी जुनी यादी उचलली होती. त्याची नंतर पडली, ती टिकली. काकूंचं नाव मधल्या मध्ये गळून गेलं. त्या दिवशी माझ्या घरचे दोन डझन त्यांच्याकडे गेले. पुढच्या वर्षीपासून मी गूगल फॉर्म लावला आणि यादी एकाच हातात ठेवली.

शेजाऱ्यांनी किंवा ऑफिसातल्या मंडळींनी मिळून ऑनलाइन विक्रेत्याकडून एकगठ्ठा माल मागवायचा, ही रीत आता धान्य, काजू, तेल, गूळ अशा अनेक वस्तूंसाठी चालते. पण तिची परीक्षा बघायची तर हापूस घ्यावा. तो महाग, नाजूक, हंगामी, आणि वरून बघून आत काय आहे ते न सांगणारा. २०२० साली टाळेबंदीत बाजार समितीची साखळी विस्कळीत झाली, तेव्हा कोकणातल्या अनेक बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट पेट्या पोचवायला सुरुवात केली. टाळेबंदी उठली, पण ती ओळख राहिली. आज यातले बरेच जण स्वतःची वेबसाइट चालवतात आणि त्यावरून एक-दोन डझनांचे खोके कुरियरने घरोघरी पाठवतात. मग तोच आंबा सोसायटीने मिळून घेतला तर स्वस्त का पडतो?

माझाही समज होता की जास्त माल घेतला म्हणून विक्रेता खूश होऊन भाव पाडतो. रत्नागिरीजवळच्या ज्या बागायतदारांकडून आम्ही आंबे घेतो, त्यांनी तो फोनवरच काढून टाकला. “ताई, आंब्याचा भाव मी कशाला पाडू? वाशीला पाठवला तरी तो विकला जाणारच आहे. तुमची बचत आंब्यात नाही, गाडीत आहे.”

हे नीट समजायला हिशेब मांडून बघावा लागतो. आकडे दरवर्षी आणि दर आठवड्याला बदलतात, म्हणून इथे सोपे, गोळाबेरीज आकडे घेते. समजा, साधारण २५० ग्रॅम वजनाच्या हापूसचा बागेतला भाव डझनाला ६०० रुपये आहे. वेबसाइटवर तोच डझन ९०० ला आहे. वरचे ३०० कुठे जातात? दोन डझनांचं फळ सहा किलो, खोक्यासकट सात. नाशवंत माल लवकर पोचवणारं कुरियर किलोला ५० रुपये धरलं तर खोक्यामागे ३५०, म्हणजे डझनामागे १७५ रुपये नुसत्या वाहतुकीचे. पुठ्ठ्याचा मजबूत खोका डझनामागे ४०. उरलेल्या ८५ रुपयांत जाहिरात, पैसे घेणाऱ्या कंपनीचं शुल्क आणि वाटेत खराब झालेल्या फळांची भरपाई.

आता सोसायटीचा माल. आंबे पाच-पाच डझनांच्या लाकडी पेट्यांत भरले. एका पेटीत फळ पंधरा किलो, वर पेटीचं वजन. अशा ऐंशी पेट्या एका मोठ्या पिकअपमध्ये बसतात. रात्री रत्नागिरीहून निघालेली गाडी सकाळी पुण्यात पोचते. तिचं भाडं १६,००० रुपये धरलं तर पेटीमागे २००, म्हणजे डझनामागे ४० रुपये. पेटीचा खर्च डझनामागे २४. खराबी आणि किरकोळ खर्चाला ५६ ठेवले, तरी डझन ७२० ला दारात येतो. वाचलेल्या १८० रुपयांपैकी १३५ वाहतुकीतले आहेत. बागायतदार म्हणाले ते हेच.

पण या हिशेबात एक खाच आहे आणि बहुतेक गट तिथेच अडखळतात. आमच्या सोसायटीला लागतात चोवीस पेट्या. तेवढ्याच घेऊन गाडी निघाली तर १६,००० रुपये चोवीस पेट्यांवर पडतात. पेटीमागे ६६७, डझनामागे १३३. कुरियरच्या १७५ पेक्षा हे फक्त ४२ रुपयांनी कमी, आणि त्यासाठी यादी, वसुली, वाटणी असा सगळा उपद्व्याप. म्हणजे एका इमारतीने एकत्र येणं पुरेसं नसतं, गाडी भरावी लागते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘काय भाव?’ असा विचारू नये. ‘तुमची गाडी आमच्या भागात कोणत्या दिवशी येते आणि तिच्यात आणखी कोणाचा माल असतो?’ असं विचारावं. ज्याची गाडी दर शनिवारी कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता अशी फिरते, त्याच्याकडे चोवीस पेट्यांची मागणीही चालते. ‘शंभर पेट्या घ्या, खास तुमच्यासाठी गाडी पाठवतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून गरजेपेक्षा जास्त आंबे गळ्यात घेण्यापेक्षा शेजारच्या दोन सोसायट्यांना विचारलेलं बरं.

भावाची तुलना करताना दुसरी चूक होते ती पेटी या शब्दामुळे. पेटी हे वजन नव्हे. त्याच लाकडी पेटीत मोठं फळ चार डझन बसतं, मध्यम पाच, लहान सहा किंवा त्याहून जास्त. त्यामुळे ‘पेटी अमुक रुपयांना’ ऐकून काहीच कळत नाही. ‘डझन अमुक रुपयांना’ हेही अर्धंच उत्तर. पाच डझन फळं २५० ग्रॅमची असतील तर पंधरा किलो भरतात आणि २०० ग्रॅमची असतील तर बारा. डझनाचा भाव तोच राहिला तरी तीन किलो आंबा कमी आला. म्हणून आम्ही मागणी पाठवतानाच लिहून देतो : फळ २३० ते २६० ग्रॅम, पेटीत पाच डझन. गाडी आली की कोणत्याही दोन पेट्या उघडून दहा-दहा फळं वजनकाट्यावर टाकतो. दहा फळं अडीच किलोच्या आसपास भरली की पुढची वाटणी सुरू. याला पाच मिनिटं लागतात, आणि विक्रेत्यालाही पुढच्या खेपेला लक्षात राहतं की इथे काटा असतो.

आंबा खरंच कोकणचा आहे का, ही शंका प्रत्येक गटात निघते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी कर्नाटकातला आंबा देवगड किंवा रत्नागिरीचा म्हणून विकला जाण्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. देवगड तालुक्यातल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर लावायचे सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर आणले ते यामुळेच. एकेकट्या ग्राहकाला हे तपासायचा कंटाळा येतो. गटात मात्र एकानं तपासलं की चाळीस घरांचं काम होतं. विक्रेत्याकडे मानांकनाच्या वापरकर्त्याची नोंदणी आहे का हे विचारता येतं. बाग कुठल्या गावात आहे हे विचारता येतं. खरा बागायतदार गावाचं नाव सांगताना अडखळत नाही, उलट यंदा मोहोर कसा आला तेही ऐकवतो.

आता आंबा कोणत्या अवस्थेत मागवायचा ते. कोकणात पक्व फळाला ‘चौदा आणे तयार’ म्हणतात. रुपयातले चौदा आणे झाले, उरलेले दोन आणे तो झाडावरून उतरल्यावर पुरे करतो. असं फळ सकाळी ऊन चढायच्या आत देठासकट उतरवलं, म्हणजे देठाचा चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ हे देठ राखण्यासाठीच वापरतात. चौदा आणे फळ कडक आणि हिरवं असतं, प्रवास सोसतं आणि घरच्या अढीत साधारण आठ-दहा दिवसांत पिकतं. पिकलेलं फळ मात्र गाडीच्या धक्क्यांनी पिचतं. म्हणून गटाने कच्चा आंबा मागवणं शहाणपणाचं. त्यात आणखी एक फायदा आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्या अन्नसुरक्षा कायद्याने बंदी आहे. हिरवं फळ घरी आणून गवतात पिकवलं की तो प्रश्नच उरत नाही. ज्यांना लगेच खायचाय त्यांची यादी वेगळी करून त्यांच्यासाठी एखादी पेटी अर्धवट तयार आंब्याची मागवावी. फॉर्ममध्ये ‘कच्चा की तयार’ असा एक रकाना ठेवला की भागतं.

तोडणी कोणत्या दिवशी झाली, हेही विचारावं. शुक्रवारी तोडलेला आंबा शनिवारी आला तर पुढचे आठ दिवस आपले. मंगळवारी तोडून ठेवलेला आला तर चार दिवस आधीच खर्ची पडलेत, आणि ते बंद गोदामात की सावलीत गेले, कोणास ठाऊक. आम्ही गाडी सकाळी नऊच्या आत बोलावतो. दुपारच्या उन्हात तापलेल्या गाडीतली फळं वरून चांगली दिसतात आणि चौथ्या दिवशी देठापासून काळी पडू लागतात.

वाटणी हे खरं काम. अख्खी पेटी घेणारे थोडे असतात. बहुतेकांना एक किंवा दोन डझन हवे असतात. पेटी फोडली की वरची फळं देखणी आणि खालची किंचित लहान, असं थोडंफार असतंच. मग पहिला येणारा निवडून घेतो आणि शेवटच्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पहिल्या वर्षी यावरून दोन घरांत अबोला धरला गेला. आता वाटे आधी पडतात. दोघं जण पेटीतली फळं मोठी-छोटी मिसळून डझनाडझनाचे वाटे लावतात, त्यावर चिठ्ठीने घरांचे क्रमांक ठेवले जातात आणि मगच लोकांना खाली बोलावलं जातं. वाटे लावणाऱ्यांचे स्वतःचे वाटे शेवटी उरतील ते. त्यामुळे त्यांना सगळे वाटे सारखे लावावेच लागतात.

खराब फळांचं काय, हा प्रश्न गाडी यायच्या आधी सोडवावा लागतो. गाडीत पिचलेलं फळ वाटणीतच दिसतं. पण हापूसचा खरा वैरी साका. वरून सोनेरी, वासाला घमघमीत, आणि कापलं की बाठीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. हा दोष बाहेरून ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही. तो फळ पिकून कापल्यावरच कळतो, म्हणजे पैसे देऊन आठवडा झाल्यावर. तेव्हा प्रत्येकाने विक्रेत्याला वेगवेगळे फोन करण्यात अर्थ नसतो. आम्ही गटातच तरतूद करतो. चोवीस पेट्यांतले १२० डझन येतात, त्यांतले ११७ विकतो आणि तीन डझन राखीव ठेवतो. त्या तीन डझनांची किंमत २,१६० रुपये ११७ डझनांवर वाटली की डझनामागे अठरा-एकोणीस रुपये येतात. आम्ही वीस लावतो. म्हणजे सभासदाला डझन ७४० ला पडतो. वाटणीत पिचलेलं फळ दिसलं की जागच्या जागी राखीव डझनातून बदली. साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो गटावर टाकायचा, की दुसऱ्या दिवशी बदली फळ दारात. एखाद्या पेटीत खराबी पाचात एक इतकी निघाली तर मात्र सगळे फोटो एकत्र करून विक्रेत्याला पाठवतो. चाळीस घरांच्या वतीने एकच माणूस, एकच आकडा आणि फोटो घेऊन बोलला की विक्रेताही ऐकतो.

पैशांच्या बाबतीत आमचा नियम एकच : पैसे आले तरच नाव आलं. ‘माझे दोन धरा’ असा निरोप म्हणजे मागणी नव्हे. १२० डझनांचे ८६,४०० रुपये होतात. त्यातले दहा जणांचे राहिले की ते समन्वयकाच्या खिशातून जातात आणि मग वर्षभर लिफ्टमध्ये भेटल्यावर आठवण करून द्यावी लागते. बुधवारी रात्री फॉर्म बंद, गुरुवारी सकाळी मागणी. नव्या विक्रेत्याला तिसरा हिस्सा आगाऊ आणि बाकी गाडी दारात आल्यावर, काटा झाल्यावर. यूपीआयने माणसाकडून माणसाला साधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंतच पाठवता येतात, त्यामुळे मोठ्या मागणीत रक्कम दोन हप्त्यांत देण्याचं आधीच ठरवावं. बिल मागून घ्यावं आणि ते गटावर टाकावं. त्यावर एकाचंच नाव असतं, पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद कामी येतो. आणि गटातल्या कोणी त्यावर नफा लावून आंबे पुढे विकू नयेत. पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायद्याचं छत्र मिळत नाही.

समन्वयकाने कमिशन घ्यावं का, हा नाजूक विषय. चीनमध्ये वस्त्या-वस्त्यांत अशी सामूहिक खरेदी चालवणाऱ्याला ‘तुआनझांग’, म्हणजे गटाचा म्होरक्या म्हणतात. तो विक्रेत्याकडून टक्केवारी घेतो आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. २०२२ च्या शांघायच्या टाळेबंदीत लोकांच्या घरी भाजी-अंडी पोचली ती बरीचशी या म्होरक्यांमुळे. आपल्याकडे मात्र हे काम ‘सेवा’ म्हणून सुरू होतं आणि विक्रेता एखादी पेटी गुपचूप भेट पाठवतो. माझ्याकडे ती पहिल्याच वर्षी आली. मी ती राखीव डझनांत टाकली आणि गटावर तसं लिहिलं. मोबदला घेण्यात काही गैर नाही, यादी-वसुली-वाटणीत माझे चांगले दहा-बारा तास जातात. पण तो हिशेबात उघड दिसला पाहिजे. लपवलेली एक पेटी पुढे प्रत्येक साक्याच्या फळामागे उभी राहते.

ऑफिसात हाच प्रकार जरा वेगळा चालतो. तिथे पाच डझनांची पेटी उपयोगाची नाही, कारण संध्याकाळी ती लोकलमध्ये कोण चढवणार? तिथे एक डझनाचे पुठ्ठ्याचे खोके बरे, भले डझनामागे पंधरा-सोळा रुपये जास्त जावोत. गाडी एकाच दारात थांबते, त्यामुळे वाहतुकीची बचत तिथेही होते. फक्त माल सोमवारी यावा, शुक्रवारी नको. शुक्रवारी कोणी रजेवर असला तर त्याचा खोका दोन दिवस बंद एसीच्या कोंदट खोलीत राहतो. आणि कोणी भलेपणाने पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी वाईट. कच्च्या आंब्याला थंडी बाधते, मग तो नीट पिकतच नाही.

केव्हा मागवायचा, यावरही पैसा अवलंबून आहे. अक्षय्य तृतीयेच्या आधी मागणी चढते, भावही चढतो. नंतर मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आवक वाढते, तेव्हा तोच आंबा उतरतो. त्यानंतर मात्र थांबू नये. वळवाचा पाऊस झाला की फळमाशी वाढते आणि फळ टिकत नाही. आमची मोठी खेप म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात असते. सणासाठी हवे असणाऱ्यांना मी सरळ सांगते, तुमचे दोन डझन वेबसाइटवरून कुरियरने मागवा. दोन डझनांसाठी गाडी येत नाही.

गेल्या वर्षी खेप संपल्यावर राखीव छत्तीस फळांपैकी एकवीस बदलीत गेली. पंधरा उरली, ती साठ रुपयांप्रमाणे गटातच विकली. ९०० रुपये आले. ११७ डझनांना ते वाटले की डझनामागे सात रुपये आणि वर ८१ रुपये उरले. दोन डझनवाल्यांना चौदा रुपये मी यूपीआयने परत केले. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा लगेच निरोप आला : “अगं, चौदा रुपये काय परत करतेस!” यंदा फॉर्म मंगळवारी उघडला. बुधवारी दुपारीच तो भरला, आणि पहिली नोंद काकूंची होती, पैशांसकट.